पत्रातला शब्द: शालेय वाहतूक सर्वेक्षण आणि पालकांची गोपनीयता

शालेय वाहतूक सुरक्षा सर्वेक्षणाचे निमंत्रणपत्र म्हणजे शाळेने पालकांना पाठवलेले एक-दीड पानांचे पत्र. मुले शाळेत कशी येतात, कशी परततात, वाटेत धोका कुठे आहे आणि पालकांना कशाची धास्ती वाटते, हे विचारणारी प्रश्नावली त्याला जोडलेली असते. पत्राने दोन गोष्टी सांगायच्या असतात. माहिती कशासाठी हवी आहे ही पहिली, आणि दिलेली माहिती कोण पाहील व कोण पाहणार नाही ही दुसरी. पहिली बहुतेक पत्रांत कशीबशी येते. दुसरी मात्र ‘आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल’ एवढ्या एका वाक्यात उरकली जाते आणि सर्वेक्षण बहुधा तिथेच फसते.

शाळेला हे सगळे पालकांना विचारावे लागते, कारण शाळेची नजर फाटकापर्यंतच पोचते. शाळेची स्वतःची किंवा कंत्राटाची बस असेल तर तिची कागदपत्रे, चालकाचा परवाना, थांब्यांची यादी शाळेच्या दप्तरी असते. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत आणि शहरांत मुलांचा मोठा वाटा पायी, सायकलीवर, आईबाबांच्या दुचाकीवर, एसटीने, वडापने किंवा पालकांनीच परस्पर ठरवलेल्या रिक्षा-व्हॅनने येतो. व्हॅनवाल्या काकांशी व्यवहार पालकांचा असतो, पैसेही पालकच देतात. व्हॅनमध्ये किती मुले बसतात, दप्तरे कुठे ठेवली जातात, शेवटचे मूल किती वाजता घरी पोचते, यातले शाळेच्या कागदावर काहीच नसते. म्हणून सर्वेक्षणाचे पत्र फक्त बसच्या पालकांना पाठवले, तर ज्यांच्याविषयी सर्वांत कमी माहिती आहे तेच नेमके सुटतात. पत्र सर्वांना जायला हवे, शाळेला लागून असलेल्या गल्लीत राहणाऱ्यांनाही.

महाराष्ट्रात या पत्राला कायदेशीर घरही आहे. स्कूलबसविषयीचे राज्याचे नियम २०११ साली आले आणि त्यांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती नेमायला सांगितले. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, त्या भागातले पोलीस किंवा वाहतूक पोलीस अधिकारी, परिवहन खात्याचा मोटार वाहन निरीक्षक, शिक्षण खात्याचा आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा माणूस, शिवाय बस कंत्राटदाराचा प्रतिनिधी, अशी तिची रचना. वाहनांची कागदपत्रे तपासणे, थांबे ठरवणे, भाड्याचा विचार करणे ही कामे तिच्याकडे येतात. सर्वेक्षण करायचे तर ते या समितीच्या वतीने होणे स्वाभाविक आहे, आणि निष्कर्षही तिच्यासमोरच जायला हवेत.

खरी अडचण इथूनच सुरू होते.

पालकाच्या जागेवरून ही यादी पुन्हा वाचली की ती वेगळी दिसते. प्रश्नावलीत विचारले आहे, ‘आपला पाल्य स्वतः वाहन चालवून शाळेत येतो का?’ नववी-दहावीची किती मुले स्कूटी घेऊन येतात हे शाळेच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्या पाहून कोणालाही कळते. मात्र त्या प्रश्नाला लेखी ‘होय’ म्हणणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने परवान्याविना वाहन चालवले आणि गुन्हा घडला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वाहनाची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते. आणि ही प्रश्नावली ज्या समितीपुढे जाणार, तिच्यात पोलीस आहेत आणि आरटीओचे निरीक्षकही आहेत.

दुसरा प्रश्न असतो वाहनाबाबतच्या तक्रारीचा. समितीत कंत्राटदाराचा माणूस बसतो. व्हॅनवाले काका समितीत नसले, तरी ते त्याच वस्तीत राहतात. ‘तुमच्या मुलाला उद्यापासून दुसरी गाडी बघा’ हे त्यांचे एक वाक्य नोकरी करणाऱ्या आईबापांची सकाळ कोलमडवायला पुरे असते. त्यामुळे गाडीत कोंबाकोंबी होते हे रोज पाहणारा पालकही प्रश्नावलीत ‘समाधानी’वर खूण करून मोकळा होतो.

म्हणजे माहितीची सर्वांत जास्त गरज समितीला आहे आणि माहिती देणाऱ्याला धास्तीही समितीचीच आहे. यातून वाट काढायची ती पत्राने. वाट अशी की समितीला तक्ते मिळतील, भरलेले अर्ज मिळणार नाहीत. अर्ज उघडणारी माणसे दोनच असावीत, तीही शक्यतो संबंधित वर्गांना न शिकवणारी, आणि कोण ते पत्रात पदासह लिहावे. ‘भरलेले अर्ज शाळेचे ग्रंथपाल आणि पालक-शिक्षक संघाच्या सचिव हे दोघेच पाहतील. परिवहन समितीचे सदस्य, वर्गशिक्षक, वाहनचालक किंवा कंत्राटदार यांना अर्ज दाखवले जाणार नाहीत,’ अशी दोन वाक्ये ‘गोपनीय’ या एका शब्दापेक्षा अधिक काम करतात, कारण ती मोडली गेली तर मोडली हे कळते.

उद्देश लिहिताना

‘मुलांच्या सुरक्षिततेसाठी’ हा उद्देश सगळ्याच पत्रांत असतो आणि त्यातून पालकाला काहीच समजत नाही. उद्देश म्हणजे या माहितीवरून कोणता निर्णय बदलू शकतो, ते सांगणे. एखाद्या शाळेपुढे प्रत्यक्षात तीन निर्णय असतील: सकाळचे आणि दुपारचे सत्र सुटण्याच्या वेळांत पंधरा मिनिटांचे अंतर ठेवायचे का, रिक्षा-व्हॅनसाठी मागचे फाटक उघडायचे का, आणि नगरपालिकेकडे झेब्रा पट्टे व गतिरोधक कोणत्या चौकासाठी मागायचे. पत्रात हे तिन्ही लिहिले की प्रश्नावलीची लांबीही आपोआप ठरते. ज्या प्रश्नाच्या उत्तराने यातला एकही निर्णय हलत नाही, तो प्रश्न काढून टाकायचा. पालकांचे उत्पन्न, व्यवसाय, जात, आधार क्रमांक असे रकाने शाळेच्या जुन्या अर्जांतून नव्या अर्जात सवयीने उतरतात. वाहतुकीच्या सर्वेक्षणात त्यांना जागा नाही.

पत्राने काय होणार नाही हेही सांगावे. सर्वेक्षणामुळे नवी बस सुरू होईल असा समज पसरला, तर बस हवी असणारे पालक घराचे अंतर वाढवून लिहितात आणि माहिती एका बाजूला झुकते. ‘या सर्वेक्षणातून बसचे मार्ग किंवा भाडे ठरणार नाही’ हे वाक्य रुक्ष वाटले, तरी ते ठेवावे.

या बाबतीत अमेरिकेतला एक नमुना पाहण्यासारखा आहे. तिथे २००५ च्या वाहतूक कायद्यातून ‘सेफ रूट्स टू स्कूल’ हा कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी पायी किंवा सायकलने सुरक्षितपणे शाळेत यावे, हा त्याचा हेतू. त्याच्या राष्ट्रीय केंद्राने पालकांसाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्या माथ्यावरच निमंत्रणाचा मजकूर आहे. भरायला किती मिनिटे लागतील, प्रत्येक शाळेसाठी एका घरातून एकच अर्ज भरावा, आणि उत्तरांशी पालकाचे किंवा मुलाचे नाव जोडले जाणार नाही, असे तिथे थोडक्यात सांगितले आहे. एका घरातली दोन मुले अर्ज घेऊन आली तर कोणासाठी भरायचा, याचाही नियम आहे: आजपासून ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याच्यासाठी. हा नियम गमतीचा वाटतो, पण नसेल तर पालक सहसा ज्याची काळजी जास्त त्या धाकट्यासाठी अर्ज भरतात आणि सगळी शाळाच तक्त्यात लहान होऊन बसते.

त्याच प्रश्नावलीत घराचा पत्ता विचारलेला नाही. घराजवळ कोणते दोन रस्ते एकमेकांना छेदतात एवढेच विचारले आहे, आणि अंतरासाठी ठरावीक टप्पे दिले आहेत. वाहतुकीच्या नियोजनाला एवढे पुरते. मराठी शाळांसाठी याचा सरळ अवतार म्हणजे ‘घराजवळचा चौक किंवा थांबा’ आणि ‘१ किलोमीटरपर्यंत, १ ते ३ किलोमीटर, ३ पेक्षा जास्त’ असे अंतराचे टप्पे. हे आकडे ओळखीचेही आहेत, कारण शिक्षण हक्काच्या राज्य नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी असे धरले आहे. फक्त छोट्या वस्तीत चौकाचे नावही पत्त्याइतकेच बोलके ठरते. जिथून शाळेत तीनच मुले येतात त्या वाडीचे नाव लिहायला लावणे म्हणजे नाव लिहायला लावणेच. अशा ठिकाणी दोन-तीन वाड्या मिळून एक पर्याय छापावा.

निनावी अर्ज आणि ओळखीचे अक्षर

पत्र लिहिण्याआधी शाळेला एक गोष्ट ठरवावी लागते. अर्ज कोणाचा हे कोणालाच कळू नये अशी व्यवस्था करायची, की काही जणांना कळेल पण ते बाहेर सांगणार नाहीत अशी? दोन्ही मार्ग रास्त आहेत. पण पत्रात पहिल्याचे आश्वासन आणि हातात दुसऱ्याचा अर्ज, असे वारंवार घडते. पत्र म्हणते ‘नाव लिहू नये’ आणि अर्जाच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांकाचा रकाना असतो, नाहीतर वर्गशिक्षिका अर्ज गोळा करताना पटावर खुणा करतात आणि वरचा अर्ज कोणाचा हे त्यांना दिसतेच. पालकांचे हस्ताक्षरही त्यांना डायरीतल्या सह्यांमुळे ओळखीचे झालेले असते.

अर्ज कोणी परत केले हे कळल्याशिवाय आठवण कोणाला करायची, हा प्रश्न खराच आहे. त्यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे वेगळी चिठ्ठी. पत्राच्या तळाशी फाडून देण्याजोगी एक पट्टी असते. तिच्यावर मुलाचे नाव, इयत्ता आणि ‘अर्ज भरला आहे’ किंवा ‘भरायचा नाही’ एवढेच असते. अर्ज बंद पाकिटात, पट्टी बाहेर. पाकिटे एका पेटीत जातात, पट्ट्या दुसऱ्या. कोणाचे उत्तर आले हे कळते आणि उत्तर काय आले हे कळत नाही. ‘भरायचा नाही’ हा पर्यायही छापलेला असावा, कारण तो नसेल तर नकार देणाऱ्या पालकाला तिसऱ्या आठवणीपर्यंत गप्प बसावे लागते.

मोबाइलवर अर्ज भरून घेणे स्वस्त पडते. खाचाखोचाही त्यातच जास्त आहेत. गुगल फॉर्ममध्ये ईमेल पत्ता गोळा करण्याची सोय असते आणि ती चालू राहिली तर प्रत्येक उत्तराशेजारी पालकाचा पत्ता उमटतो. एकाने एकदाच भरावे अशी अट घातली तर पालकाला आपल्या खात्यातून आत शिरावे लागते. पत्ता शाळेला दिसत नसला, तरी पालकाच्या मनात शंका राहते. दुवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला की दोन-चार पालक उत्तरे थेट गटावरच लिहितात, ‘आमच्या गाडीत १४ मुलं असतात’ असे, आणि त्याच गटात व्हॅनवाल्या काकांचे भाचेही असतात. म्हणून पत्रातच सांगावे की प्रश्नावलीबाबत गटावर चर्चा करू नये, आणि ज्यांना मोबाइलवर भरायचे नाही त्यांच्यासाठी कागदी अर्ज ठेवावा. सर्वांत घातक सवय मात्र साधी आहे: शिक्षकाने भरलेल्या अर्जांचे स्वतःच्या फोनवर फोटो काढून ते पुढे पाठवणे. त्या क्षणी अर्ज किती जणांकडे आहेत हे सांगणे अशक्य होते.

गोपनीयतेच्या आश्वासनाला एक मर्यादा आहे आणि ती पत्रात न लिहिणे गैर आहे. प्रश्नावलीच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचे आहे?’ अशी मोकळी जागा असते. तिथे एखादी आई लिहिते की चालक मुलीला पुढच्या सीटवर जवळ बसवतो आणि मुलगी गाडीत बसायला रडते. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा घडल्याचे माहीत असलेल्या, किंवा घडण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे आणि संस्थाप्रमुखासाठी ती अधिक कडक आहे. अर्ज वाचणारे दोघे तेव्हा ‘आम्ही गोपनीयतेचा शब्द दिला आहे’ असे म्हणून गप्प राहू शकत नाहीत. उलट, अर्ज निनावी असेल तर कोणते मूल, कोणती गाडी हे कळायलाही मार्ग उरत नाही. म्हणून पत्रात याचा वेगळा परिच्छेद हवा. त्याचा मजकूर साधारण असा: ‘एखाद्या मुलाला तातडीचा धोका असल्याचे अर्जातून कळल्यास शाळेला ते पोलिसांना कळवावे लागेल. अशी बाब सर्वेक्षणात लिहिण्याऐवजी मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून किंवा १०९८ अथवा ११२ या क्रमांकावर सांगावी.’ हा परिच्छेद वाचून काही पालक बिचकतील हे खरे. पण तो नसलेले पत्र पालकांची फसवणूक करते.

मोकळ्या जागेत दुसराही प्रकार घडतो. चालकाचे नाव, गाडीचा क्रमांक, ‘पिऊन चालवतो’ असा आरोप. खरा असेल तर गंभीर, खोटा असेल तर एका माणसाची रोजी जाते. गोपनीयता चालकालाही लागू आहे. सर्वेक्षण हे तक्रारपेटी नव्हे, हे पत्राने सांगावे आणि तक्रारीसाठी वेगळी वाट दाखवावी, जिथे तक्रारदाराचे नाव नोंदले जाते आणि समोरच्याची बाजूही ऐकली जाते.

कायदा काय मागतो

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संसदेने मंजूर केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि बालकाची ओळख पटवणारी माहिती संगणकावर हाताळण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती लागते. संमती मागताना कोणती माहिती, कशासाठी, हे सोप्या भाषेत सांगायचे असते आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यायची असते. दिलेली संमती मागे घेणे देण्याइतकेच सोपे असायला हवे. बालकांविषयीची कर्तव्ये मोडल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपयांपर्यंत जाते.

यात शाळांच्या उपयोगाचे बारकावे दोन. पहिला असा की कायदा ओळख पटणाऱ्या आणि डिजिटल स्वरूपातल्या, किंवा कागदावर घेऊन नंतर संगणकात भरलेल्या माहितीला लागू होतो. खरोखर निनावी कागदी अर्ज, ज्यातून फक्त बेरजा संगणकात जातात, त्यात संमतीची कटकट जवळजवळ उरत नाही. हजेरी क्रमांकाचा एक रकाना वाढवला की ती सगळी अंगावर येते. दुसरा बारकावा बसच्या जीपीएसचा. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवायला कायद्याची बंदी आहे, पण नियमांनी शाळेच्या वाहतुकीला सवलत दिली आहे: घर ते शाळा आणि परतीच्या प्रवासात, सुरक्षिततेपुरते, मुलांचे ठिकाण पाहता येते. ही सवलत सर्वेक्षणाला लागत नाही. अर्जातली उत्तरे बसच्या जीपीएस नोंदींशी जुळवून पाहण्याचा मोह झाला, तर पत्रात सांगितलेल्या उद्देशाच्या बाहेर पाऊल पडते.

तक्त्यातून ओळख

नावे काढून टाकली की काम झाले, असा समज आहे. नावाशिवायही माणूस कसा सापडतो हे अमेरिकेतल्या संशोधक लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे गाळून संशोधनासाठी दिल्या होत्या. त्यातली जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड मतदारयादीशी जुळवून त्यांनी खुद्द राज्यपालांची नोंद ओळखली. शाळेत तर मतदारयादीचीही गरज नसते, कारण सगळे सगळ्यांना ओळखतात.

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका शाळेने पाचवी ते दहावीच्या ७२० मुलांच्या घरी पत्र पाठवले. सातवीतून ८३ अर्ज आले. त्यात २१ मुले पायी, २४ सायकलने, १४ पालकांच्या दुचाकीवर, १३ रिक्षाने, ९ व्हॅनने आणि २ एसटीने येतात. पुढच्या तक्त्यात लिहिले आहे की एसटीने येणाऱ्यांपैकी दोघांच्याही पालकांनी ‘थांब्यावर मुलींची छेडछाड होते’ या पर्यायावर खूण केली. अर्जावर नाव नव्हते. पण सातवीत एसटीने येणाऱ्या दोन मुली कोणत्या, हे वर्गातल्या बाकीच्यांनाच काय, शिपायालाही ठाऊक असते.

साधा नियम असा की पाचपेक्षा कमी संख्या छापायची नाही. तिथे ‘५ पेक्षा कमी’ असे लिहायचे. पण सातवीची एकूण संख्या ८३ खाली छापलेलीच आहे. उरलेल्या पाच आकड्यांची बेरीज ८१ होते, आणि लपवलेला आकडा चौथीतल्या वजाबाकीने बाहेर येतो. ही चूक शिकल्या-सवरल्या अहवालांतही सापडते. उपाय दोन. एक तर दुसराही एखादा आकडा झाकायचा, म्हणजे वजाबाकीतून दोघांची मिळून बेरीज तेवढी कळते. नाहीतर इयत्ता एकत्र करायच्या. आठवीच्या ७९ अर्जांत ६ मुले एसटीची असतील, तर सातवी-आठवी मिळून १६२ अर्जांत ८ मुले एसटीची होतात, आणि छेडछाडीची बाब कोणाकडे बोट न दाखवता समितीपुढे मांडता येते. आठही पालकांनी एकच उत्तर दिले असेल तर मात्र आकडा मोठा असूनही प्रत्येकाचे उत्तर उघडे पडते. तेव्हा टक्केवारी न देता ‘एसटीच्या थांब्यावर मुलींच्या सुरक्षिततेची तक्रार आहे’ असे वाक्यात लिहिणे बरे. एसटी महामंडळाकडे आणि पोलिसांकडे गस्त मागायला तेवढे पुरते.

पत्रातले संबंधित वाक्य म्हणून असे होते: ‘पाचपेक्षा कमी मुलांविषयीची माहिती कोणत्याही तक्त्यात वेगळी दाखवली जाणार नाही.’ हे वाक्य लिहिणाऱ्याला अर्ज छापण्याआधीच कोणते तक्ते करायचे याचा विचार करावा लागतो. पत्र शेवटी घाईने न लिहिता आधी लिहावे, ते याचसाठी.

पालकांनी शब्दावर विश्वास ठेवला का, हे तपासण्याचीही एक रीत आहे. अमेरिकेतल्या त्याच कार्यक्रमात पालकांच्या प्रश्नावलीला वर्गातल्या मोजणीची जोड दिलेली असते. आठवड्याच्या मधल्या दिवसांपैकी दोन दिवस शिक्षक वर्गात विचारतात, आज कोण पायी आले, कोण बसने आले, आणि वर झालेले हात मोजून फक्त संख्या लिहितात. नावाचा प्रश्नच येत नाही आणि हजर असलेले सगळे मोजले जातात. आता समजा, आपल्या शाळेत हातांच्या मोजणीत रिक्षा-व्हॅनची मुले शंभरात ३० निघाली आणि आलेल्या अर्जांत शंभरात १८. म्हणजे रिक्षा-व्हॅनच्या पालकांनी अर्ज कमी भरले. ते गरीब आहेत, त्यांना वेळ नाही, असे निष्कर्ष लगेच काढले जातात. आधी पत्र पाहावे. त्याच्या खाली ‘वाहतूकदार संघटनेच्या सहकार्याने’ अशी ओळ असू शकते, किंवा न आलेली मुले म्हणून काही पाकिटे चालकांच्याच हाती घरी धाडलेली असू शकतात. तसे असेल तर ती चूक दुरुस्त करून, नवी पाकिटे देऊन, रिक्षा-व्हॅनच्या पालकांकडून नव्हे तर सगळ्यांकडूनच पुन्हा अर्ज मागवावेत. फक्त एका गटाला पुन्हा विचारले, की तो गट वेगळा काढला गेला हे लपत नाही.

विश्वासाला तडा जाण्याचे दुसरे कारण वर्गातच असते. ज्या तुकडीचे अर्ज पूर्ण येतील तिला शाबासकी, असे जाहीर झाले की मुले घरी हट्ट धरतात आणि शिक्षक फोन करू लागतात. शंभर टक्के अर्ज येतात खरे, पण काही रिक्षाच्या प्रवासात आणि काही शाळेच्या पायरीवर बसून मुलांनीच भरलेले असतात. एकाच पेनाने, ओळीने पहिल्याच पर्यायावर खुणा केलेले दहा-बारा अर्ज दिसले, तर ते वेगळे काढावेत आणि किती काढले हे अहवालात लिहावे. आठवण एकदा, फार तर दोनदा, तीही पत्रानेच करावी.

पत्राच्या अखेरीस तारखा येतात. अर्ज परत देण्याची मुदत साधारण आठ-दहा दिवसांची असावी, म्हणजे मध्ये एक रविवार येतो आणि दोन्ही पालकांना बोलून भरता येते. निष्कर्ष पालकांना कधी आणि कुठे कळतील ते लिहावे: पालकसभेत वाचून दाखवणार, की सूचनाफलकावर लावणार. अर्ज कुलपात कुठे राहतील आणि कोणत्या तारखेला नष्ट होतील तेही लिहावे. तक्ते तपासून झाल्यावर मूळ अर्जांचा उपयोग संपतो, तेव्हा ते रद्दीवाल्याला देण्यापूर्वी फाडणे किंवा जाळणे आवश्यक आहे. शाळेच्या रद्दीतून आलेल्या कागदांच्या पुड्या शाळेसमोरच्याच टपरीवर वापरल्या जातात. अर्ज नष्ट केल्याची नोंद परिवहन समितीच्या इतिवृत्तात तारखेसह घ्यावी, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पत्रात त्या ठरावाचा क्रमांक देता येतो.